पुस्तिकेतली हेडिंगं स्क्रीन रीडरला सापडेनात, लेव्हल कशा लावायच्या?

खानापूरकर काका

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयानं खानापूर तालुक्याची ओळख करून देणारी एक पुस्तिका काढलीय, साठेक पानांची, वर्डमध्ये. टायपिंग बाहेरून करून घेतलं होतं. छापून झाली, शाळांत वाटून झाली, मग तीच पीडीएफ करून ग्रुपवर टाकली. आता गावातली एक मुलगी बेळगावात बीए करते, तिला दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा, पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून वाचते. तिनं कळवलं की काका मला मलप्रभेवरचं तेवढं हवं होतं तर सुरुवातीपासून सगळं ऐकत बसायला लागलं, उडी मारायला जागाच नाही.

मग तिला वर्डची फाईल दिली. त्यात ती म्हणते पुढच्या हेडिंगवर उडी मारायला H दाबलं की पहिलं 'खानापूर तालुक्याची ओळख' येतं, हेडिंग लेव्हल १, आणि त्याच्या पुढं थेट 'नद्या', हेडिंग लेव्हल ४. मधलं २ आणि ३ कुठं गेलं म्हणून ती मागं पुढं करत राहिली, तिला वाटलं एखादं पानच सुटलंय. हलशीचं प्रकरण तर H ला थांबतच नाही. आणि लेव्हल २ च्या हेडिंगसाठी २ दाबलं की फोटोखालच्या ओळी वाचतंय, 'कणकुंबी येथील उगमस्थान' वगैरे.

डोळ्यांना फाईल एकदम व्यवस्थित दिसते वो, प्रकरणांची नावं मोठी, पोटनावं लहान, सगळं जागच्या जागी. मग हे असं कशानं होतंय आणि सरळ कसं करायचं, सांगा की कुणीतरी.

चिकोडीचा रवी

काका सोपं आहे, प्रत्येक नावाला नंबर द्या. १, मग १.१, मग १.१.१, असं. सरकारी रिपोर्टात असतंच की. मग कुणालाबी कळतं कुठलं कशाच्या खाली आहे, दिसो न दिसो.

टिळकवाडीची अनघा

रवीदादा, नंबर चांगलेच, पण काकांचा प्रश्न तो नाही. हातानं टाईप केलेलं '१.१' हे एनव्हीडीएच्या दृष्टीनं नुसतं अक्षर आहे, बाकीच्या मजकुरासारखंच. त्या ओळीला हेडिंगची स्टाईल नसेल तर H तिथं थांबणार नाही, मग नंबर लिहा नाहीतर नका लिहू.

काका, मी पुण्यात वेबसाइटी आणि कागदपत्रं स्क्रीन रीडरवर चालतात का ते तपासायचं काम करते, घर टिळकवाडीतच. तुमच्या फाईलीत काय झालं असेल ते अंदाजानं सांगते, मग तुम्ही बघून खरंखोटं करा.

वर्डमध्ये वर Home मध्ये Heading 1, Heading 2 अशा स्टाईल असतात. टायपिंग करणाऱ्यानं त्या लेव्हल म्हणून वापरल्या नाहीत, दिसतात कशा ते बघून वापरल्या. 'नद्या' ला मध्यम आकाराचं तिरकं अक्षर हवं होतं, ते Heading 4 मध्ये मिळालं, लावून टाकलं. फोटोखालच्या ओळींना निळा रंग बरा दिसला म्हणून Heading 2. आणि हलशीच्या वेळी कंटाळा आला असेल, नुसतं ठळक करून आकार वाढवला, स्टाईल लावलीच नाही. कागदावर तिन्ही सारखंच चांगलं दिसतं. पण स्क्रीन रीडर आकार, रंग बघत नाही, तो स्टाईलीतला आकडा वाचतो.

आधी एक करा. View मध्ये जाऊन Navigation Pane ला टिक करा. डावीकडं जी यादी उघडेल ना, साधारण तीच त्या मुलीला ऐकू येते. ती इथं जशीच्या तशी टाका.

खानापूरकर काका

अनघाताई, केलं. सुरुवातीचं एवढं दिसतंय, पुढं ठळक अक्षरवालं काहीच यादीत नाही:

```
1  खानापूर तालुक्याची ओळख
    4  नद्या
  2  कणकुंबी येथील उगमस्थान
      5  मलप्रभा
      5  म्हादई
    4  जंगल
  2  भीमगड अभयारण्याचा फलक
    4  शेती आणि कौलं
```

आकडे मी प्रत्येक ओळीवर क्लिक करून वर कुठली स्टाईल उजळतेय ते बघून लिहिलेत. हलशी, कदंबांचा काळ, भूवराह नरसिंह मंदिर हे सगळं प्रकरणच गायब आहे.

आता बघताना मलाच दिसतंय की ह्या यादीत मलप्रभा आणि म्हादई फोटोच्या ओळीखाली गेल्यात, नद्यांच्या खाली नाहीतच.

शहापूरची सुनंदा

काका मी स्वतः स्क्रीन रीडर वापरते, बरीच वर्षं, आधी जॉज आणि आता एनव्हीडीए. तुमच्या त्या पोरीला काय वाटत असेल ते मला बरोबर कळतंय.

तुम्ही पान उघडल्या उघडल्या एक नजर फिरवता ना, मोठं काय, बारीक काय, तसं आम्ही हेडिंगांवरून करतो. मी नवीन कागद उघडला की पहिलं NVDA+F7 दाबते, हेडिंगांची यादी झाडासारखी येते, त्यावर बाण फिरवून कळतं की आत किती प्रकरणं आहेत आणि कशाखाली काय आहे. मग 2 दाबत एकेक प्रकरण ओलांडायचं, हवं ते सापडलं की 3 दाबत त्याच्या आत. माझ्यासारखे बहुतेक जण लांबलचक पान असंच वाचतात, वेबएम ह्या संस्थेनं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा सर्व्हे केला त्यातसुद्धा दोन तृतीयांशाहून जास्त लोकांनी हेडिंगांवरूनच शोधतो असं सांगितलंय.

आता तुमच्या फाईलीत मी 2 दाबलं तर फोटोच्या ओळी. 3 दाबलं तर पुढं ह्या लेव्हलचं हेडिंग नाही म्हणून सांगणार. आणि एवढं ऐकून मला काय वाटणार, की ह्याच्यात प्रकरणं नाहीतच. 4 दाबून बघायचं माझ्या डोक्यात येणारच नाही. ४ म्हणजे कुठल्यातरी पोटाच्या पोटातला मुद्दा, तिथं मुख्य प्रकरण असेल असं कोण समजणार.

आणि एक, त्या पोरीला विचारा की ती वर्डमध्ये NVDA+Space दाबून ब्राउज मोड चालू करते का. वर्डमध्ये तो आपोआप चालू नसतो. तो नसताना H दाबलं तर फाईलीत h टाईप होतं. तिला H चालतंय म्हणजे माहीत असणार, पण बाकी कुणी फाईल उघडली तर लक्षात असू दे.

वडगावचा बाळू

मी वेब डेव्हलपर आहे, माझं मत जरा वेगळं. हे एकच h1 पाहिजे, लेव्हल सोडायची नाही वगैरे जुन्या जमान्यातलं झालं. एचटीएमएल५ आल्यापासून प्रत्येक `section` मध्ये नवीन `h1` टाकता येतो, आत कितीबी गेलात तरी ब्राउजर आपोआप मोजतो कुठला कुणाच्या खाली. काकांनी पुस्तिका वेबवर टाकली तर सगळीकडं h1 टाका, लेव्हलचं टेन्शनच नाही.

आणि अजून एक, वरच्या यादीत 5 वरून परत 4 आलंय तेबी सोडलंयच की.

टिळकवाडीची अनघा

बाळू, स्पेसिफिकेशनमध्ये तसं लिहिलेलं होतं हे बरोबर आहे. पण ते गणित कुठल्याच ब्राउजरनं स्क्रीन रीडरपर्यंत पोचवलं नाही. आत `section` मधला h1 काही ब्राउजर बारीक अक्षरात दाखवायचे, त्यामुळं बघणाऱ्याला वाटायचं चालतंय, पण सुनंदाताईंना प्रत्येक वेळी 'लेव्हल १' च ऐकू यायचं. शेवटी २०२२ मध्ये ते मोजणीचं प्रकरण स्पेसिफिकेशनमधूनच काढून टाकलं. तेव्हा आकडा आपणच बरोबर लिहायचा.

दुसरं, ५ वरून ४ ला येणं ही सोडलेली लेव्हल नाही. खाली उतरताना एकेक पायरीनंच उतरायचं, १ नंतर २, २ नंतर ३. वर येताना कितीही उडी चालते. 'म्हादई' हे लेव्हल ३ असेल आणि त्याच्यानंतर नवीन प्रकरण 'जंगल' लेव्हल २ आलं, तर त्याचा अर्थ नद्यांचं प्रकरण संपलं एवढाच. समजा पुढं तिसऱ्यात अजून आत चौथं असतं आणि तिथून थेट दुसऱ्यावर आलात तरी बरोबरच. पुष्कळ जण हेच चूक समजून मधे खोटं हेडिंग घालतात, त्यानं उलट घोटाळा वाढतो.

काकांची पुस्तिका वेबवर गेली तर सांगाडा असा:

```html
<h1>खानापूर तालुक्याची ओळख</h1>
<h2>नद्या</h2>
<h3>मलप्रभा</h3>
<h3>म्हादई</h3>
<h2>जंगल</h2>
<h2>हलशी</h2>
<h3>कदंबांचा काळ</h3>
<h3>भूवराह नरसिंह मंदिर</h3>
```

अक्षर केवढं दिसायचं ते सीएसएसमध्ये ठरवायचं, आकडा त्यासाठी बदलायचा नाही.

वडगावचा बाळू

काढून टाकलेलं माहीत नव्हतं, आत्ता वाचलं, खरं आहे. पण एक सांगा, वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत, त्यात एकापेक्षा जास्त h1 असले तर फेल होतं का? माझ्या माहितीत नाही. लेव्हल सोडली तरी सरळ फेल म्हणत नाहीत. मग एवढं सक्तीनं कशाला?

टिळकवाडीची अनघा

फेल होत नाही, बरोबर. डब्ल्यूसीएजीच्या १.३.१ मध्ये एवढंच मागितलंय की डोळ्यांना जी रचना दिसते ती कोडमध्येपण असली पाहिजे. त्या हिशेबानं हलशीचं नुसतं ठळक केलेलं नाव नक्की फेल आहे, कारण दिसतं हेडिंग आणि आत साधा परिच्छेद. १ नंतर ४ हे त्याच्यात आपोआप फेल धरत नाहीत, चांगली पद्धत नव्हे एवढं म्हणतात. पण पीडीएफ स्क्रीन रीडरवर चालावी म्हणून जे पीडीएफ/यूए हे मानक आहे, त्याच्या पहिल्या आवृत्तीत लेव्हल सोडणं चालतच नाही, तिथं तपासणीत सरळ लाल येतं. काकांची पुस्तिका पीडीएफच आहे म्हणून मी एवढा आग्रह धरतेय.

शहापूरची सुनंदा

बाळू भावा, फेल पास राहू दे, मला त्या आकड्याचा उपयोग काय तो सांगते. एकच लेव्हल १ असेल तर 1 दाबलं की मी मजकुराच्या डोक्यावर. वरची मेनू, लोगो, सूचना सगळं ओलांडून. सात ठिकाणी लेव्हल १ असेल तर 1 चा मला काही उपयोग नाही, कुठं जाऊन पडेन ठाऊक नाही.

निपाणीचा डीटीपीवाला

मी छपाईचं काम करतो, पत्रिका, स्मरणिका, अहवाल. आमच्याकडं बहुतेक जुने फॉन्ट, म्हणजे की दाबली एक आणि दिसतं मराठी अक्षर, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. अशा फाईलीला ह्या Heading स्टाईल लावल्या तर चालेल का? कारण एका शिक्षण संस्थेचा अहवाल आत्ता हातात आहे आणि त्यांना वेबसाइटवर घालायचाय.

टिळकवाडीची अनघा

दादा, हेडिंग सापडेल, लेव्हलपण सांगेल, पण नाव वाचताना इंग्रजी अक्षरांचा काला ऐकू येईल. शोधलं तरी सापडणार नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, मग स्टाईल. उलट क्रमानं केलंत तर रूपांतर करताना बऱ्याचदा स्टाईली उडतात आणि काम दोनदा होतं. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायलाच लागतात, ते कुठलाच कन्व्हर्टर शंभर टक्के करत नाही.

निपाणीचा डीटीपीवाला

बरोबर, रफारच मारतो नेहमी. पण ताई, एक बाजू आमचीपण ऐका. वर्डमध्ये Heading 2 लावलं आणि आकार १६ केला तर मराठी अक्षर हलतच नाही, इंग्रजी तेवढं बदलतं. गिऱ्हाईक डोक्यावर उभा असतो, मग ऑपरेटर काय करणार, दुसरी स्टाईल लावून बघतो, ज्यात बरं दिसेल ती ठेवतो. काकांच्या फाईलीत हेच झालं असेल, पैज लावतो.

टिळकवाडीची अनघा

दादा हे तुम्ही फार महत्त्वाचं बोललात, हे सहसा कुणी सांगत नाही आणि मुळात लेव्हल बिघडायला हेच कारण असतं.

वर्ड देवनागरीला वेगळं धरतो. स्टाईलवर उजवं क्लिक करून Modify, तिथं खाली Format, मग Font. त्या खिडकीत वर Latin text चा एक कप्पा असतो आणि Complex scripts चा दुसरा. मराठी अक्षराचा फॉन्ट, ठळकपणा, आकार हे सगळं दुसऱ्या कप्प्यातून ठरतं. लोक पहिल्यात १६ लिहितात, मराठी जिथल्या तिथं, म्हणून वाटतं स्टाईल बिघडलीय. दुसऱ्या कप्प्यात १६ लिहा, फाईलभर जिथं जिथं Heading 2 आहे तिथं एकदम बदलतं. मग कुणाला Heading 4 कडं जायची गरजच पडत नाही. रंग, वरची खालची जागापण तिथूनच Modify करायची. जागेसाठी रिकाम्या ओळी हेडिंगच्या स्टाईलीत टाकायच्या नाहीत.

आता काका, तुमची फाईल सरळ करायचा क्रम. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून सावकाश लिहिते.

तुमच्यात 4 चं 2 करायचंय आणि 5 चं 3. पण 2 आधीच फोटोंच्या ओळींनी अडवलंय. आधी 4 चं 2 केलंत तर प्रकरणं आणि फोटोच्या ओळी एकाच स्टाईलीत मिसळतील, मग वेगळ्या करायला साठ पानं डोळ्यांनी बघायला लागतील. म्हणून पहिलं काम फोटोंचं. Ctrl+Alt+Shift+S दाबा, उजवीकडं स्टाईलींची यादी येईल, त्यात Heading 2 वर उजवं क्लिक करून Select All म्हणा. सगळ्या फोटोओळी एकदम निवडल्या जातील, त्यांना Caption स्टाईल द्या. आता 2 मोकळं झालं. मग तसंच Heading 4 सगळं निवडून Heading 2, आणि त्याच्यानंतर Heading 5 सगळं निवडून Heading 3.

राहिलं हलशी. ते हातानंच, प्रत्येक ठळक ओळीवर जाऊन. पण लावायच्या आधी प्रत्येक ओळीला विचारा की हिच्याखाली काहीतरी सांगितलेलं आहे का. नुसतं जोर द्यायला ठळक केलेलं वाक्य असेल तर ते हेडिंग नव्हे, ते तसंच राहू द्या. प्रकरणाचं नाव Ctrl+Alt+2, पोटनाव Ctrl+Alt+3.

खानापूरकर काका

ताई, हे सगळं केलं, क्रमानं. यादी आता तुम्ही वर कोडमध्ये लिहिलीत तशी दिसतेय, हलशी धरून, शिवाय 'शेती आणि कौलं' पण लेव्हल २ ला आहे. पण नवीन अडचण. अनुक्रमणिका ताजी केली तर पहिलीच ओळ 'खानापूर तालुक्याची ओळख, पान १' अशी आली. पुस्तिकेचं नाव अनुक्रमणिकेत कशाला? समितीतले एक गृहस्थ म्हणतात त्याला Title स्टाईल लावा आणि सगळी प्रकरणं Heading 1 करा, पुस्तकांत असंच असतं.

टिळकवाडीची अनघा

ते गृहस्थ पूर्ण चूक नाहीत. जाड पुस्तकात, जिथं एकेक प्रकरण स्वतंत्र उघडून वाचतात, तिथं प्रत्येक प्रकरण Heading 1 करण्यात काही बिघडत नाही. पण Title ही स्टाईल वर्ड हेडिंगात धरत नाही, Navigation Pane मध्ये येत नाही, H तिथं थांबत नाही. शिवाय तुम्ही हीच फाईल उद्या वेबवर घालणार, तेव्हा एका पानावर पाचसहा h1 होतील आणि पुस्तिकेच्या नावाला काहीच लेव्हल उरणार नाही. म्हणून तुमच्यासाठी नाव Heading 1, प्रकरणं Heading 2 हेच बरं.

अनुक्रमणिकेतनं नाव घालवायला लेव्हल बदलायची गरज नाही. अनुक्रमणिकेवर क्लिक करून Alt+F9 दाबा, आतला कोड दिसेल, `\o "1-3"` असं काहीतरी. त्याचं असं करा:

```
TOC \o "2-3" \h
```

परत Alt+F9, मग F9 दाबून ताजी करा. आता ती दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलचीच नावं घेईल.

पीडीएफ करताना Print मध्ये जाऊन पीडीएफ प्रिंटर निवडू नका, त्यात हेडिंगांच्या ह्या आतल्या खुणा, म्हणजे टॅग, सगळे गळतात आणि मुलगी पहिल्यासारखीच अडकते. Save As मध्ये PDF, तिथं Options उघडून Document structure tags for accessibility ला टिक, आणि Create bookmarks using मध्ये Headings.

चिकोडीचा रवी

अच्छा, म्हणजे ग्रुपवर टाकलेली पहिली पीडीएफ प्रिंट करूनच केली असणार काय? कारण काका म्हणाले त्यात उडीच मारता येईना, वर्डमध्ये निदान चुकीची तरी येत होती.

टिळकवाडीची अनघा

हो रवीदादा, लक्षणं तीच आहेत. वर्डमध्ये आकडा चुकीचा का होईना ऐकू येतो आणि पीडीएफमध्ये H एकदासुद्धा थांबत नाही, म्हणजे टॅगच नाहीत.

येळ्ळूरचा प्रकाश

मला एक विचारायचंय, आमच्या सोसायटीचे सगळे कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत काढतो. वर एक मराठी नाव, त्याच्या खाली कन्नड नाव, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरात, कमी जास्त केलं तर सभेत विषय निघतो. मग दोन्हीला Heading 1 लावायचं? तुम्ही तर म्हणताय एकच पाहिजे.

टिळकवाडीची अनघा

प्रकाशदादा, नाव दोन भाषांत असलं तरी कागदाचं डोकं एकच आहे. वर्डमध्ये मराठी नाव लिहून Enter न दाबता Shift+Enter दाबा आणि खाली कन्नड लिहा. दिसायला दोन ओळी, पण परिच्छेद एक, म्हणून हेडिंगपण एकच. कन्नड ओळ निवडून Review मध्ये Language, Set Proofing Language, तिथं कन्नड निवडा, म्हणजे स्क्रीन रीडरला आवाज कधी बदलायचा ते कळतं. वेबवर असं:

```html
<h1 lang="mr">खानापूर तालुका<br>
<span lang="kn">ಖಾನಾಪುರ ತಾಲ್ಲೂಕು</span></h1>
```

शहापूरची सुनंदा

आणि ऐकणाऱ्यानं एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलायचं चालू ठेवलं पाहिजे. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक ह्या बोलणाऱ्या इंजिनात मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत. भाषा लावली नसेल तर मराठी आवाज कन्नड ओळ गाळून तरी टाकतो नाहीतर अक्षर अक्षर बोलतो.

येळ्ळूरचा प्रकाश

नावाचं कळलं. पण आतला मजकूरपण तसाच आहे, एक परिच्छेद मराठी, लगेच खाली तोच कन्नडमध्ये, आणि प्रत्येक मुद्द्याला दोन नावं. यादीत सगळं दुप्पट दिसणार ना?

टिळकवाडीची अनघा

दिसणार. प्रत्येक मुद्द्याला एकच हेडिंग दोन ओळींचं केलं तर यादी तेवढीच राहते, पण प्रत्येक नाव लांब ऐकायला लागतं. माझ्या मतानं कागद दोन करावेत, एक पूर्ण मराठी, एक पूर्ण कन्नड.

येळ्ळूरचा प्रकाश

दोन कागद केले तर सही कुठल्यावर, शिक्का कुठल्यावर, फरक पडला तर खरा कुठला, हे सगळं येतं. आमच्यात ते चालणार नाही.

शहापूरची सुनंदा

मग मराठी मुद्दे सगळे एका Heading 2 खाली आणि कन्नड सगळे दुसऱ्या Heading 2 खाली करा, मुद्दे Heading 3. कागद एकच, सही एकच, आणि मला नको असलेली अर्धी बाजू एका 2 मध्ये ओलांडता येते.

येळ्ळूरचा प्रकाश

हे सेक्रेटरींपुढं ठेवून बघतो. पहिली बाजू कुठल्या भाषेची ह्यावर बोलणं होणारच.

खानापूरकर काका

नवीन पीडीएफ त्या मुलीकडं पाठवली. तिनं सांगितलं की 2 दाबत प्रकरणं बरोबर येतात, नद्यांवर थांबून 3 दाबलं की मलप्रभा. हलशीपण सापडलं. फक्त 'अनुक्रमणिका' ह्या शब्दावर H थांबत नाही म्हणाली. बघितलं तर वर्डनंच त्याला TOC Heading अशी स्टाईल दिलीय. त्यालाबी Heading 2 लावू काय?

टिळकवाडीची अनघा

लावलंत तर अनुक्रमणिकेत 'अनुक्रमणिका' हीच ओळ येईल. म्हणूनच वर्ड त्याला लेव्हल देत नाही. मी तर तसंच ठेवते, कारण H नं आणि यादीनं सगळीकडं जाता येतंच, आणि पीडीएफमध्ये बुकमार्क आहेत.

शहापूरची सुनंदा

अनघा, मला मात्र तिथं थांबा हवा असतो. अनुक्रमणिकेतल्या लिंकवर Enter दाबून जायची सवय असलेले खूप जण आहेत, वयानं मोठे तर जास्तच. एक ओळ जास्त आली तर काय बिघडतंय?

टिळकवाडीची अनघा

छापील प्रतीत बघणाऱ्याला ते विचित्र दिसतं ताई, आणि फाईल एकच आहे. छपाईची वेगळी नि पीडीएफची वेगळी ठेवली तर पुढच्या वेळी दुरुस्ती एकीतच होते, दुसरी मागं राहते, हे मी ऑफिसात सारखं बघते.

निपाणीचा डीटीपीवाला

छापताना ती एक ओळ मी हातानं काढून टाकतो की. दोन मिनिटांचं काम. काका, फाईल पाठवा.